हात जवळ नेला की रिले टकटक करतो: लटकत्या इनपुटचा दोष कसा शोधायचा

रात्री पावणेअकराला दाराची कडी वाजली. खालच्या मजल्यावरची पोर दारात उभी होती, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची. तिच्या हातात प्लायवूडची फळी होती. फळीवर आर्डुइनो उनो, रिले मॉड्यूल आणि ब्रेडबोर्ड बसवलेलं, बाजूने वायरी लोंबत होत्या. मागे तिचा पार्टनर दोन बादल्या आणि कूलरचा पंप घेऊन उभा. प्रोजेक्ट पाण्याच्या टाकीचा: वरच्या बादलीत पाणी कमी झालं की फ्लोट स्विच आर्डुइनोला कळवतो, आर्डुइनो रिलेने पंप चालू करतो आणि बादली भरली की बंद करतो.

"काका, सकाळी दहाला एक्सटर्नल येणार आहेत. दुपारपर्यंत अगदी नीट चालत होतं. आता रिले आपोआप टकटक करतोय. रिले मॉड्यूल बदललं, आर्डुइनो मैत्रिणीचा आणून लावला, तरी तेच."

मी एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये साहाय्यक आहे. एप्रिल महिना आला की हा दोष माझ्या टेबलावर येतोच. कुणाचं रेल्वे फाटक असतं, कुणाची बाटल्या मोजणारी पट्टी, कुणाची पाण्याची टाकी. प्रोजेक्ट वेगळा, बोर्ड वेगळा, पण दहातल्या बऱ्याच फळ्यांवर सापडतं ते एकच: कुठली तरी इनपुट पिन लटकत असते. म्हणून त्या रात्री काय केलं ते त्याच क्रमाने लिहितोय. तुमचा प्रोजेक्ट दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा. फुकटच्या तपासण्या आधी, आणि काही विकत आणावं लागेल किंवा उचकटावं लागेल अशा शेवटी.

पहिलं काम म्हणजे पंपाचा प्लग भिंतीतून काढला. कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो आणि पाण्यात बुडालेला असतो. रिले बरोबर वागतोय का हे त्याच्या आवाजावरून आणि त्यावरच्या दिव्यावरून कळतं, त्यासाठी पंप चालू लागत नाही. इथून पुढची प्रत्येक तपासणी पंपाचा प्लग बाहेर ठेवूनच केली आहे. तुम्हीही तसंच करा.

आधी लक्षणं

तिला मी म्हटलं, काय बदललंस ते नंतर सांग. आधी नेमकं काय होतं ते सांग. तिने सांगितलं ते असं:

- वरच्या बादलीत पाणी कमी असलं की सगळं बरोबर चालतं. बादली भरली की गडबड सुरू होते.
- वायरीजवळ हात नेला की रिले वाजतो. हात लांब नेला की कधी थांबतो, कधी नाही.
- दुपारी लॅबमध्ये चाललं, घरी ट्यूबलाइटखाली बिघडलं.
- मीटर लावला की दोष जातो, काढला की परत येतो.

शेवटचं ती अगदी हळू आवाजात बोलली, कारण त्याचा अर्थ तिला लागत नव्हता. मला मात्र तिथेच नव्वद टक्के उत्तर मिळालं होतं. यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी लटकत्या इनपुटचा संशय पक्का धरा.

लक्षणात काय नव्हतं तेही बघा. आर्डुइनो मधेच रिसेट होत नव्हता. रिले किंवा मोटर बंद होताना बोर्ड पहिल्यापासून सुरू होत असेल, सिरियल मॉनिटरवर सुरुवातीची ओळ पुन्हा छापली जात असेल, तर तो सप्लायचा किंवा कॉइलवर डायोड नसल्याचा दोष आहे. हे पोस्ट त्यासाठी नाही. तसंच बटण दाबल्यावरच एकाऐवजी तीन-चार वेळा मोजलं जात असेल, पण न दाबता काहीच होत नसेल, तर ते बटणाचं उसळणं आहे. लटकती पिन कुणी काही न दाबता बोलते.

लटकणं म्हणजे नेमकं काय

इनपुट पिनला एक तर ५ व्होल्टशी किंवा ग्राउंडशी जोडणारा रस्ता हवा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ती हवेत लटकते. उनोवरच्या एटीमेगा चिपचं इनपुट म्हणजे आत एक इन्सुलेट केलेली पट्टी. तिला जवळजवळ करंट लागतच नाही. डेटाशीटप्रमाणे गळती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी. ५ व्होल्टच्या सप्लायवर १.५ व्होल्टच्या खाली असेल तर ती खात्रीने ० वाचते आणि ३ व्होल्टच्या वर खात्रीने १. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी बनवणाराही देत नाही.

इतका कमी करंट लागत असल्यामुळे भिंतीतल्या वायरिंगचं, ट्यूबलाइटचं, तुमच्या शरीराचं विद्युत क्षेत्रही अशा पिनला हलवायला पुरतं. लटकत्या पिनला जोडलेली वायर म्हणजे अँटेना. ती जेवढी लांब, तेवढं जास्त पकडते.

एक खुलासा, कारण या प्रोजेक्टात दरवर्षी घोळ होतो. फ्लोट स्विच म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच. फ्लोटिंग इनपुट म्हणजे लटकती पिन. त्या रात्री तिच्या पार्टनरने "फ्लोटच खराब आहे" म्हणून स्विच उघडायला घेतला होता. स्विच उत्तम होता.

पहिली तपासणी: स्विचच्या कुठल्या अवस्थेत दोष दिसतो

याला काहीही लागत नाही. फ्लोट हाताने वर-खाली करायचा आणि रिले ऐकायचा.

फ्लोट खाली, म्हणजे कॉन्टॅक्ट मिटलेला: रिले शांत, पंप चालूच्या स्थितीत. फ्लोट वर, म्हणजे कॉन्टॅक्ट उघडा: टकटक. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.

ही तपासणी सगळ्यांत आधी करायला सांगतो, कारण एकाच अवस्थेतला दोष सगळं सांगून जातो. कॉन्टॅक्ट मिटला की पिनला ५ व्होल्टचा रस्ता मिळतो, म्हणून ती ठाम १ वाचते. उघडला की तो रस्ता तुटतो आणि दुसरा रस्ता कुणी दिलेलाच नाही. उघड्या स्विचने ० येतो असं आपण मनात धरलेलं असतं. उघडा स्विच ० देत नाही. तो काहीच देत नाही.

दोन्ही अवस्थांमध्ये गडबड दिसली असती तर मी सरळ वायरीकडे गेलो असतो. तो भाग पुढे येतो.

दुसरी तपासणी: प्रोग्रॅममधली एक ओळ

लॅपटॉप उघडायला लावला. तिथे होतं `pinMode(7, INPUT);` आणि फ्लोटची एक वायर ५ व्होल्टला, दुसरी थेट ७ नंबरच्या पिनला. ब्रेडबोर्डवर त्या जागी एकही रेझिस्टर नाही.

नुसतं `INPUT` लिहिलंत तर चिप आतून पिनला काहीच जोडत नाही. बाहेर रेझिस्टर असेल तर ते बरोबर आहे. बाहेर नसेल तर पिन लटकणारच. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक `INPUT` शोधायचा आणि त्या पिनसमोर बोट ठेवून विचारायचं: स्विच उघडा असताना हिला कोण धरून ठेवतंय? उत्तर देता आलं नाही तर दोष सापडला.

पार्टनरने मधे `delay(200)` घातला होता. त्याने टकटक थोडी मंदावली आणि दोघांना वाटलं सुधारतंय. लटकती पिन २०० मिलिसेकंदांनी वाचली तरी ती लटकतीच असते. जो डिले घातल्यावर दोष कमी होतो पण जात नाही, तो लगेच काढून टाका, नाहीतर पुढची प्रत्येक तपासणी गढूळ होते.

तिसरी तपासणी: पिन काय बोलते ते छापून बघा

दोषाची जागा समजली होती, पण तिला पटलं नव्हतं. "दुपारी चाललं ना मग?" असं तिने दोनदा विचारलं. म्हणून तिला एवढाच छोटा प्रोग्रॅम चढवायला सांगितला:

```
void setup() {
  Serial.begin(115200);
  pinMode(7, INPUT);
}
void loop() {
  Serial.println(digitalRead(7));
  delay(2);
}
```

फ्लोट वर केला, वायरीजवळ तळहात धरला आणि मॉनिटर थांबवून आकडे वाचले. पाच वेळा १, मग पाच वेळा ०, मग पुन्हा पाच वेळा १. मधेच कुठे सहा-चार, पण दर दहा ओळींनी तीच नक्षी.

"एका ओळीला किती वेळ?" मी विचारलं.

"दोन मिलिसेकंद."

"मग दहा ओळींना?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "वीस मिलिसेकंद. पन्नास हर्ट्‌झ. काका, हे तर घरातली लाइन वाचतंय."

तिच्या ७ नंबरला भिंतीतली वीज ऐकू येत होती. लॅपटॉपचा चार्जर काढायला लावला तर नक्षी विस्कटली आणि एकेका आकड्याच्या लांब रांगा येऊ लागल्या. चार्जर लावला, नक्षी परत. ही तपासणी मला फार आवडते, कारण इथे संशयाला जागा उरत नाही. खऱ्या स्विचला, खऱ्या सेन्सरला ५० हर्ट्‌झने वागण्याचं काही कारण नाही. तुमच्याकडे नक्षी इतकी स्वच्छ येईलच असं नाही. खोली, वायरीची लांबी आणि चार्जर यांवर ते ठरतं. पण आकडे कुणी हात न लावता बदलत असतील तर तेवढं पुरे.

दुपारच्या प्रश्नाचं उत्तरही तेव्हाच मिळालं. लॅबमध्ये फ्लोट बोटभर जंपरने जोडलेला होता. संध्याकाळी फळी सुबक दिसावी म्हणून दोघांनी दोन मीटर वायर लावली आणि केबल टायने पंपाच्या मेन्सच्या वायरीला बांधून टाकली. दोष दुपारीही होता. आखूड वायरीवर तो झाकला गेला होता, एवढंच.

चौथी तपासणी: मीटर, आणि मीटरचा चकवा

मीटर हातात असतो म्हणून सगळे पहिल्यांदा तोच लावतात. या दोषात मीटर फसवतो.

तिने संध्याकाळी ७ नंबरची पिन आणि ग्राउंड यांमध्ये मीटर लावला होता. आकडा आला शून्य. रिलेही शांत. तिने निष्कर्ष काढला की पिन ठीक आहे, म्हणजे रिले खराब. म्हणून मॉड्यूल बदललं. मीटर काढला, टकटक चालू.

झालं असं की व्होल्ट मोजताना मीटर स्वतःच दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर लावतो. लॅबमधल्या साध्या पिवळ्या मीटरचा तो साधारण १ मेगाओम असतो, चांगल्या मीटरचा १० मेगाओम. एरवी सर्किटला त्याचा पत्ताही लागत नाही. पण जिला कुणाचाच आधार नाही अशा पिनला १० मेगाओमचा आधारही पुरतो. मीटरनेच तिला ग्राउंडकडे ओढून धरलं आणि मीटरने स्वतःचंच काम मोजून दाखवलं.

म्हणून मीटर लावल्यावर दोष गायब झाला तर पिन चांगली आहे असं समजू नका. उलट पिनला आधार नाही याचा तो पुरावा आहे.

याच कारणाने मीटरपेक्षा एक साधा रेझिस्टर जास्त खरं सांगतो. १० किलोओमचा घ्या, नसेल तर १ ते १० किलोओममधला कुठलाही. एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला धरा आणि मॉनिटर बघा. मग दुसरं टोक ग्राउंडवरून काढून ५ व्होल्टला धरा. तिच्या डब्यात एलईडीसाठी आणलेले १ किलोओमचे होते, तेच वापरले. फ्लोट वर असताना ग्राउंडला धरला तर सलग ०, ५ व्होल्टला धरला तर सलग १. रेझिस्टर ओढेल तिकडे पिन गेली, म्हणजे तिला दुसरं कुणीच धरलेलं नाही.

पिनला चालू सेन्सरचं भक्कम आउटपुट जोडलेलं असतं तर १० किलोओमने ती जागची हलली नसती. दोन्ही वेळा एकच आकडा आला तर पिन लटकत नाही आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.

दुरुस्ती, रात्री साडेअकराला दुकानं बंद असताना

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बाहेरून १० किलोओमचा रेझिस्टर पिन आणि ग्राउंडमध्ये लावायचा. रुपया-दोन रुपयांचं काम आहे. दहाच का, तर गणित सोपं आहे. गळती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर धरली तरी १० किलोओमवर १० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे ० पक्का. स्विच मिटला की त्यातून अर्धा मिलिअँपिअर वाहतो, ते काहीच नाही. १ मेगाओम लावलात तर तीच गळती १ व्होल्ट करते आणि हवेतला गोंगाटही चढतो. १०० ओम लावलात तर ५० मिलिअँपिअर फुकट जातात आणि रेझिस्टर तापतो.

दुसरा रस्ता चिपच्या आत आधीच आहे. एटीमेगाच्या प्रत्येक पिनला २० ते ५० किलोओमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे जोडता येतो. फक्त मागावा लागतो. आमच्याकडे १० किलोओम नव्हता, म्हणून हाच घेतला. पण त्यासाठी स्विचची जागा बदलावी लागते. फ्लोटची जी वायर ५ व्होल्टला होती ती काढून ग्राउंडला लावली. प्रोग्रॅममधल्या ओळी अशा झाल्या, `pinMode` ची `setup` मध्ये आणि `digitalRead` ची `loop` मध्ये:

```
const int FLOAT_PIN = 7;
pinMode(FLOAT_PIN, INPUT_PULLUP);
bool paniHave = (digitalRead(FLOAT_PIN) == LOW);
```

इथे अर्थ उलटतो, आणि इथेच मुलं पुन्हा अडकतात. आता स्विच मिटला की ० आणि उघडला की १. निम्मी मंडळी `INPUT_PULLUP` लिहितात, पण वायर ५ व्होल्टवरच ठेवतात. मग दोन्ही अवस्थांमध्ये १ येतो आणि पंप थांबत नाही किंवा सुरूच होत नाही. ओळ बदलली की वायरही बदलायची, दोन्ही एकाच वेळी.

या उलट्या जोडणीचा एक फायदा मी तिला कागदावर काढून दाखवला. तिचा फ्लोट पाणी हवं असताना मिटतो आणि टाकी भरली की उघडतो. समजा उद्या वायर तुटली. तुटलेली वायर उघड्या स्विचसारखीच दिसते. पिन १ वाचणार, म्हणजे "टाकी भरली", म्हणजे पंप बंद. वायर तुटली तर पाणी वाहून जाणार नाही. फ्लोट उलटा बांधला असता, म्हणजे भरल्यावर मिटणारा, तर तुटलेल्या वायरीने पंप रात्रभर चालला असता. काही फ्लोटचं तरंगतं टोक उलटं बसवता येतं, त्यामुळे हे बांधतानाच मीटरच्या बझरने तपासून घ्या. सप्लाय बंद असताना.

मग केबल टाय कापले. फ्लोटची वायर पंपाच्या वायरीपासून वीतभर लांब घेतली आणि तिचे दोन्ही पदर एकमेकांना पीळ दिले. जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात ओलांडलं. आतला रेझिस्टर आखूड वायरीला पुरतो. दोन मीटर वायर मेन्सजवळून जात असेल तर २० ते ५० किलोओमचा आधार सैल पडतो. सकाळी कॉलेजच्या लॅबमधून ४.७ किलोओमचा मागून पिन आणि ५ व्होल्टमध्ये लाव, असं तिला सांगितलं. आतला आणि बाहेरचा दोन्ही एकत्र चालतात.

पंपाचा प्लग अजून बाहेरच. छोटा प्रोग्रॅम पुन्हा चढवला, यावेळी `INPUT_PULLUP` घालून. फ्लोट वर: एकसलग १. वायर मुठीत धरली, चार्जर लावला, काढला, ट्यूबलाइट बंद-चालू केली. एकही ० नाही. तिने स्क्रीन खाली-वर सरकवून दोन मिनिटांचे आकडे तपासले.

मग तिचा मूळ प्रोग्रॅम बदललेल्या ओळींसह परत चढवला, आकडे छापायच्या ओळीही त्यात घातल्या. बादलीत तांब्याने पाणी ओतलं आणि पातळी येताच रिले तीनदा टकटकला. पार्टनरचा चेहरा उतरला. पण आकडे बघितल्यावर कळलं की हे वेगळं आहे. १ आणि ० पाच-पाच ओळींच्या नव्हे, शंभर-दीडशे ओळींच्या पट्ट्यांत येत होते. पाण्यावर लाट उठत होती आणि फ्लोट खरोखरच वर-खाली होत होता. पिन खरं तेच सांगत होती. प्रोग्रॅममध्ये अट घातली की ३ सेकंद सलग तीच अवस्था राहिली तरच रिले बदलायचा. इथे मात्र वेळ घालणं योग्य आहे, कारण टाकीची पातळी ३ सेकंदांत फारशी बदलत नाही.

एवढ्याने गेला नाही तर

दोन्ही अवस्थांमध्ये गडबड असेल तर पिन आणि स्विच यांच्यातला रस्ताच तुटलेला असतो. ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बघा. पुष्कळ लांब ब्रेडबोर्डांवर त्या मधोमध तुटलेल्या असतात आणि अर्ध्या बोर्डला ग्राउंड मिळतच नाही. सेन्सरला वेगळा अडॅप्टर असेल तर त्याचं ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलंय का ते बघा. जोडलं नसेल तर सेन्सर कितीही बरोबर बोलला तरी पिनच्या दृष्टीने तो हवेतच आहे. जंपरच्या वायरी आतून तुटतात, वरून दिसत नाही. सप्लाय काढून, बझर लावून, वायर वाकवत तपासा.

सेन्सर ओपन कलेक्टर असेल, म्हणजे मॅग्नेटचा हॉल सेन्सर किंवा तीन वायरींचा एनपीएन प्रॉक्झिमिटी, तर तो फक्त खाली ओढू शकतो. वर ओढणारा रेझिस्टर आपल्यालाच लावावा लागतो.

ईएसपी-३२ वापरणाऱ्यांनी ३४ ते ३९ या पिना स्विचसाठी घेताना लक्ष ठेवा. त्यांना आत रेझिस्टर नाही. `INPUT_PULLUP` लिहिलं तरी त्या लटकतात आणि प्रोग्रॅम बरोबर दिसत असल्यामुळे तास वाया जातात. बाहेरून १० किलोओम लावा किंवा दुसरी पिन घ्या.

मायक्रोकंट्रोलर नसलेल्या फळ्यांवरही हाच दोष असतो. ४०१७ काउंटरवर १३ आणि १५ नंबरच्या पिना मोकळ्या सोडल्या की दिवे मधेच थांबतात किंवा पहिल्यावर उडी मारतात. त्या दोन्ही ग्राउंडला जायला हव्यात. मॉस्फेटच्या गेटला आधार नसेल तर बोर्ड सुरू होतानाच मोटर झटका देते, कारण सुरुवातीच्या क्षणी आर्डुइनोच्या सगळ्या पिना इनपुट असतात आणि गेट लटकतं. गेट ते ग्राउंड १० किलोओम.

शेवटी पिनच जळली आहे का बघायचं. तिच्यावरच्या सगळ्या वायरी काढा, `INPUT_PULLUP` ठेवा, १ यायला हवा. जंपरने ग्राउंडला टेकवा, ० यायला हवा. येत नसेल तर ती पिन सोडून शेजारची घ्या आणि प्रोग्रॅममधला नंबर बदला. प्रदर्शनाच्या रात्री नवा बोर्ड शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

कुठे थांबायचं

५ व्होल्टच्या बाजूला तुम्ही काहीही करून बघू शकता. २३० व्होल्टच्या बाजूला नाही. पंपाला, बादलीतल्या पाण्याला किंवा फळीला हात लावल्यावर जरासुद्धा झिणझिण्या आल्या, तर सॉकेटचं बटण बंद करून प्लग काढा आणि तो पंप पुन्हा लावूच नका. पंपाच्या वायरीचं आवरण फाटलं असेल, रिलेच्या टर्मिनलजवळ काळा डाग असेल किंवा जळका वास येत असेल, तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. चिकटपट्टी गुंडाळून प्रदर्शन करू नका. आणि बिल्डिंगच्या खऱ्या मोटरच्या स्टार्टरला हे सर्किट जोडायची कुणी गळ घातली, तर तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय पॅनेल उघडायचं नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूलाही एक रेष आहे. पिन बदलली, रेझिस्टरची तपासणी बरोबर आली, आकडे दोन मिनिटं स्थिर आहेत आणि तरी रिले वाजतोय, तर दोष इनपुटचा नाही. तो शोधायला ऑसिलोस्कोप लागतो. फळी तशीच ठेवून झोपा आणि सकाळी लॅब उघडताच आपल्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. अर्ध्या रात्री डोळे मिटत असताना सोल्डरिंग गन हातात घेणाऱ्यांनी चांगले चालणारे बोर्ड मारलेले मी बघितले आहेत.

ती साडेबाराला खाली गेली. जाताना सर्किटच्या कागदावर ७ नंबरपाशी पेन्सिलने ४.७ किलोओम काढून घेतला, सकाळी लावायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात भेटली. सांगत होती की एक्सटर्नलनी बादली भरलेली, पंप थांबलेला बघितला आणि वहीत काही लिहिलं. मग पाणी काढायला लावलं, पंप सुरू झाला. तो चालू असतानाच त्यांनी फ्लोटची एक वायर ब्रेडबोर्डमधून स्वतः उपटली आणि विचारलं, "आता काय होईल?"

"बंद होईल सर. तीन सेकंदांनी."

तिघंही पंपाकडे बघत उभे राहिले. तीन सेकंदांनी रिलेचा एकच टक आवाज आला आणि पाण्याची धार थांबली.